या चुका टाळा: सरासरी वाढली म्हणजे सगळे सुधारले असं नाही

प्रोजेक्टसाठी हातात येणारा डेटा बहुतेक वेळा आधीच गटांत बांधलेला असतो: तुकडीनिहाय सरासरी, राज्यनिहाय टक्केवारी. अशा तक्त्यावरून निष्कर्ष काढताना दोन चुका हमखास होतात. दोन्हींत गणित बरोबर असतं, म्हणून त्या लवकर सापडत नाहीत.

पहिली चूक सर्व्हायव्हरशिप बायसची, म्हणजे जे टिकले तेवढेच मोजण्याची. समजा, एका कोर्सला 100 जण बसले. पहिल्या चाचणीची सरासरी 50, शेवटच्या चाचणीची 58. रिपोर्टमध्ये लगेच वाक्य येतं, ‘कोर्समुळे 8 गुणांची वाढ झाली.’ पण शेवटच्या चाचणीला 60 जणच होते. मधेच सोडून गेलेल्या 40 जणांची पहिल्या चाचणीतली सरासरी होती 35, आणि टिकलेल्या 60 जणांची 60. म्हणजे जे शेवटपर्यंत राहिले ते 60 वरून 58 वर आले, घसरलेच. सरासरी चढली ती केवळ खालचे लोक यादीतून गेल्यामुळे.

ही चूक पकडायची तर दोन फाइलींची सरासरी वेगवेगळी काढून वजाबाकी करू नका. आधी आयडीवरून फाइली जोडा आणि गळालेले लोक सुरुवातीला कसे होते ते बघा:

```python
d = first.merge(last, on="id", how="left",
                suffixes=("_1", "_2"))
d.groupby(d["score_2"].isna())["score_1"].agg(["size", "mean"])
```

इथे `how="left"` विसरू नका. पांडाजमध्ये `merge` काही न सांगता `inner` जोडणी करतं, आणि ते 40 जण कुठलीही एरर न देता गायब होतात. मग 60 ते 58 ही तुलना नीट होते खरी, पण ती फक्त टिकलेल्यांबद्दल असते. `True` आणि `False` या दोन ओळींच्या सरासरीत मोठा फरक दिसला, की गळती योगायोगाने झालेली नाही असं धरून चाला. गेलेल्यांचे शेवटचे गुण कोणालाच माहीत नसतात. मी अशा वेळी निदान एक अंदाज मांडून बघतो: ते 40 जण 35 वरच राहिले असते तर? एकूण सरासरी 48.8 आली असती. हे उत्तर नव्हे, पण ‘8 ने वाढ’ हा दावा किती कच्चा आहे ते त्यावरून कळतं.

दुसरी चूक इकॉलॉजिकल फॅलसीची: गटांमध्ये दिसलेला संबंध माणसांवर लादणं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण 1950 चं आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेतले आकडे घेतले. राज्यवार पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध सुमारे -0.53. यावरून कोणीही म्हणेल की स्थलांतरित अधिक साक्षर होते. पण व्यक्तीनिहाय सहसंबंध होता +0.12 च्या आसपास. म्हणजे परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. चिन्हच उलटलं, कारण स्थलांतरित लोक जाऊन राहिले ते मुख्यतः अशा राज्यांत, जिथे मूळचे रहिवासीच अधिक साक्षर होते. राज्याची टक्केवारी शेजाऱ्यांबद्दल सांगत होती, आणि वाचणारा ती स्थलांतरितांच्या खात्यात टाकत होता.

व्यक्तीनिहाय डेटा मिळत नसेल तर निदान मर्यादा काढता येतात. समजा, एका भागात 10 टक्के लोक बाहेरून आलेले आणि 4 टक्के निरक्षर आहेत. बाहेरून आलेल्यांत निरक्षर किती? सगळे निरक्षर मूळ रहिवाशांतले असतील तर शून्य. सगळे बाहेरून आलेल्यांतले असतील तर 40 टक्के. तक्ता एवढंच सांगू शकतो, शून्य ते 40. त्यातला नेमका आकडा त्या तक्त्यात नाहीच. स्कॅटर प्लॉटमधून ओढलेली सुबक रेघ ही रुंदी झाकून टाकते, आणि प्रेझेंटेशनमध्ये सगळे त्या रेघेवरच खूश होतात.

प्रश्नच गटांबद्दल असेल, जसं की निधी कोणत्या राज्याला आधी द्यावा, तर गटाचे आकडे वापरण्यात काहीच गैर नाही. अडचण ‘राज्य’ म्हणत सुरू झालेलं वाक्य ‘माणूस’ म्हणत संपतं तेव्हा होते. आपल्याच रिपोर्टमधल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासा आणि तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं कोण, ते त्याच्याशी ताडून बघा.

कधीकधी दोन्ही चुका एकाच तक्त्यात येतात. वर पाहिलेल्या कोर्सच्या अनेक तुकड्या आहेत असं धरा आणि प्रत्येक तुकडीचे शिस्तीचे नियम कमी-जास्त कडक आहेत. कडक तुकड्यांची अंतिम सरासरी जास्त दिसते, म्हणून ‘कडक शिस्तीत विद्यार्थी चांगलं शिकतो’ असं लिहिलं जातं. पण कडक तुकड्यांतून कच्चे विद्यार्थी जास्त गळाले असतील, तर कोणीही काहीही जास्त न शिकता हाच आलेख निघेल. म्हणून तुकडीनिहाय तक्ता मागताना सरासरीच्या शेजारी दोन रकाने आणखी मागून घ्या: सुरुवातीला किती जण होते आणि शेवटच्या चाचणीला किती बसले. हे आकडे मिळत नसतील तर अंतिम सरासरीवरून तुकड्यांची क्रमवारी लावू नका.