ऑफिसच्या मेलमध्ये उद्गारचिन्ह, विनोद आणि इमोजी: कोणाला चालेल हे कसं ठरवायचं?

समजा, मंगळवारी द्यायचा अहवाल गुरुवारी जाणार आहे आणि तसं ग्राहकाला कळवायचं आहे. ओळख नवी आहे. पहिला मसुदा बहुतेक वेळा असा उतरतो:

"नमस्कार मॅडम! अहवाल जवळजवळ तयार आहे!! फक्त आकडे आमच्याशी लपाछपी खेळताहेत 😅 गुरुवारपर्यंत नक्की पाठवतो!"

हेतू वाईट नाही. उशीर झाल्याचा संकोच झाकायला आपण समोरासमोरही असंच हसतो. पण मॅडमना ते हसणं दिसत नाही, त्यांना फक्त उशीर दिसतो. म्हणून हा मसुदा पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी पाहायच्या.

1. त्यांचे मागचे मेल उघडा

शेवटचे दोन-तीन पुरतात. सुरुवात कशी केली आहे, कुठे उद्गारचिन्ह आहे का, इमोजी आहे का, एवढंच बघा. मॅडमनी "ठीक आहे. मंगळवारी वाट पाहते." असं लिहिलं असेल, तर तुमच्या उत्तरातही पूर्णविरामच हवेत. "वा, छान! धन्यवाद!" असं लिहिणाऱ्या माणसाला एखादं उद्गारचिन्ह खटकणार नाही. मोकळेपणात त्यांच्या बरोबरीने किंवा एक पाऊल मागे राहा, पुढे नको. पहिलाच मेल असेल, तर तिन्ही गोष्टी टाळा.

इथे एक मेख आहे. साहेबांनी 👍 पाठवलं म्हणजे तुम्हालाही तशी मुभा मिळाली असं नाही. वरच्या माणसाने खाली मोकळं लिहिणं वेगळं, खालच्याने वर लिहिणं वेगळं. त्यांचा अंगठा बहुतेक वेळा फक्त पोच असतो.

2. मेलचा विषय काय आहे ते पाहा

उशीर, नकार, पैसे, चूक, तक्रार यांपैकी काही असेल, तर समोर कितीही जवळचा माणूस असो, उद्गारचिन्ह गाळा. आभार आणि अभिनंदनाला ते शोभतं, तेही पूर्ण मेलमध्ये एकदाच.

खरं तर बरेच जण ते आनंदापोटी वापरत नाहीत. "फाइल पाठवा." हे हुकमासारखं वाटतं, म्हणून "फाइल पाठवा!" केलं जातं. त्याने हुकूम सौम्य होत नाही, उलट आवाज चढल्यासारखा वाटतो. आपल्याकडे मऊपणा क्रियापदात असतो: "फाइल पाठवाल का?" किंवा "उद्यापर्यंत फाइल मिळाली तर बरं होईल." एवढं केलं की चिन्हाची गरजच उरत नाही.

विषयाच्या ओळीत तर ते नकोच. तिथे "तातडीचे!!!" लिहिलं की स्पॅम गाळणाऱ्या काही यंत्रणा त्या मेलकडे संशयाने पाहतात.

3. विनोद आवाजाशिवाय वाचून बघा

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात लोकांना ईमेलमधून काही वाक्यं गंभीरपणे, तर काही उपरोधाने लिहायला सांगितलं होतं. आपला सूर 100 पैकी साधारण 78 वेळा ओळखला जाईल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो 56 वेळा ओळखला गेला, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंच बरं. लिहिताना आपल्या कानात आपला सूर वाजत असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. म्हणून "वा, काय वेळेवर उत्तर दिलंत!" हे कोणालाच पाठवू नका.

साधी थट्टा चालेल, पण ज्याच्याशी रोजचं बोलणं आहे आणि ज्याने स्वतः कधी थट्टा केली आहे अशाच माणसाशी. तिथेही "प्रत" च्या रकान्यात कोण आहे ते पाहा. मेल पुढे पाठवला गेला आणि त्या गमतीची पार्श्वभूमी माहीत नसलेल्या वरिष्ठांनी तो वाचला, तर कसा दिसेल?

4. इमोजी काढून वाक्य तपासा

इमोजी पुसल्यावर अर्थ बदलत असेल, तर वाक्य अपुरं आहे, ते आधी दुरुस्त करा. शिवाय आपण पाठवलेलं चित्र समोर तसंच दिसेल याची खात्री नसते. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये :) टाइप केल्यावर त्याचा हसरा चेहरा होतो, पण तो एका खास फॉन्टमधला असतो. तो फॉन्ट न दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिथे नुसता J दिसतो. "उद्या भेटू J" असा मेल आला, तर हा जे कोण, असाच प्रश्न पडेल.

आता मॅडमना जाणारा मेल:

"नमस्कार मॅडम, अहवाल मंगळवारऐवजी गुरुवारी दुपारपर्यंत पाठवतो. दोन तक्त्यांतले आकडे पुन्हा तपासावे लागत आहेत. उशिराबद्दल क्षमस्व. पहिला भाग तयार आहे, तो आज पाठवू का?"

हीच बातमी शेजारच्या टेबलावरच्या, दिवसभर हसरे चेहरे पाठवणाऱ्या सहकाऱ्याला द्यायची असेल, तर "आकडे लपाछपी खेळताहेत 😅 अहवाल गुरुवारी" एवढं पुरतं. मात्र त्या मेलची प्रत मॅडमना जाणार असेल, तर त्यालाही वरचाच मेल पाठवा.