रिकामी चौकट बोलती केली

मदतीच्या ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर नुसती चौकट होती, आत फिकट अक्षरांत ‘येथे लिहा’. पहिलं अक्षर टाइप करताच ती सूचना गायब होते, आणि काय लिहायचं हे ती तशीही सांगत नव्हती. म्हणून चौकटीच्या वर कायम दिसणारी ओळ टाकली: ‘नमस्कार! काय अडलंय? दोन शब्दांत लिहिलंत तरी चालेल.’

त्याखाली तीनच तयार वाक्यं, उदाहरणार्थ ‘पासवर्ड आठवत नाही’. बोट लावलं की वाक्य चौकटीत उतरतं, पण पाठवलं जात नाही. चुकून बोट लागून वाक्य थेट पाठवलं गेलं, तर माणूस बिचकतो. शिवाय त्याला पुढे आपले शब्द जोडता यायला हवेत.

कीबोर्ड मात्र स्क्रीनबरोबर आपोआप उघडू देऊ नये. छोट्या फोनवर नेमकी तीच वाक्यं झाकली जातात.