जळगावात नव्यानं आलात? पिशवीच्या दुधाचं आधी बघा

मी मूळची चिपळूणची. नवऱ्याच्या बदलीनं जळगावला आले, त्याला सोळा वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कुटुंब आलं की एक प्रश्न हमखास येतो: पिशवीचं दूध तापवायचं का?

पिशवीचं दूध डेअरीत पाश्चराइझ करतात, म्हणजे साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. क्षयासारख्या रोगांचे जंतू त्यात मरतात. पिशवी डेअरीपासून तुमच्या फ्रीजपर्यंत थंडच राहिली असेल, तर ती उकळायची गरज नाही.

पण मे महिन्यात इथं पारा ४५च्या आसपास जातो. पाश्चरायझेशनमध्ये सगळेच जंतू मरत नाहीत. उरलेले थंडीत हळू वाढतात, उन्हात भराभर. म्हणून मी पहाटे दुकानात जाते आणि क्रेटमधल्या पिशवीला हात लावून बघते. गार लागली तर आणते. कोमट असेल किंवा फुगलेली असेल तर घेत नाही, कारण जंतूंनी वायू केला की पिशवी फुगते. तापवताना दूध फाटलं तर त्यात आंबटपणा आलेला असतो. मात्र फाटलं नाही म्हणजे चांगलंच आहे, असंही नाही.

वाटेत पिशवी थोडी कोमट झाल्याची शंका आली, तर एकदाच उकळा. एक लिटरचं सांगते. जाड बुडाच्या पातेल्यात, ढवळत, उकळी आली की एक-दोन मिनिटं ठेवायचं. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववायचं आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाकायचं. पहिल्या उन्हाळ्यात मी हे केलं नाही. सकाळी तापवलेलं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं, वीज गेलेली, संध्याकाळी पुन्हा उकळून मुलीला दिलं, तर रात्रभर तिला उलट्या. काही जंतूंची बीजं उकळीतही टिकतात आणि काहींनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. दूध बाहेर पडून राहिलं असेल, तर उकळून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या.

सकाळ, दुपार, रात्र तेच पातेलं उकळायची सवय असेल, तर ती मोडा. कॅल्शियम जवळजवळ तसंच राहतं, प्रथिनांचं रूप बदलतं पण ती पचतात. कमी होतात ती बी-१, बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, दर उकळीला थोडी थोडी. ए जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर सायीत जातं, म्हणून रोज साय काढून टाकाल तर तेही जाईल. रात्री एक कप हवा असेल, तर फ्रीजमधून तेवढंच काढा, कोमट करा, बाकीचं थंडच राहू द्या.

गवळ्याकडचं सुटं दूध मात्र कच्चं असतं. ते आल्याबरोबर उकळाच.