या चुका टाळा: कार्डांचा खोका पहिल्याच कप्प्यात तुंबतो तेव्हा

तलाठी किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांच्या टेबलावर बुटाचा एक खोका दिसतो. आत पुठ्ठ्याचे पडदे घालून पाच कप्पे केलेले असतात, आणि त्यांत पुढे प्रश्न, मागे उत्तर लिहिलेली कार्डं. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात परत येतं. पहिला कप्पा रोज उघडायचा आणि पुढचे क्रमाने उशिरा. त्यामुळे अवघड कार्ड वारंवार हातात येतं, सोपं क्वचित. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये ही पद्धत मांडली. त्यांच्या खोक्यात प्रत्येक पुढचा कप्पा आधीच्यापेक्षा रुंद होता.

पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला कप्पा इतका गच्च होतो की कार्ड बाहेर ओढताना शेजारचं फाटतं, आणि खोका कपाटावर जाऊन बसतो. दोष बहुतेक वेळा खोक्याचा नसतो.

रोज किती नवी कार्डं?

समजा, कोणत्याही कप्प्यात दहापैकी नऊ कार्डांची उत्तरं येतात. मग पाचही कप्पे सलग पार करायला एका कार्डाला सरासरी 7 वेळा हातात यावं लागतं. दहापैकी आठच आली तर 10 वेळा, आणि सहाच आली तर जवळजवळ 30 वेळा, कारण प्रत्येक चूक कार्डाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणते.

आता रोज 10 नवी कार्डं टाकली आणि दहापैकी आठ बरोबर येत असतील, तर गाडी रुळावर आल्यावर रोज सरासरी 100 कार्डं पाहावी लागतात. एका कार्डाला 12 सेकंद धरले तर ती 20 मिनिटं झाली. 25 नवी टाकणाऱ्याला 250 कार्डं, म्हणजे 50 मिनिटं लागतात. हा बोजा पहिल्या दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी अंगावर येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात वेळ उरतोय म्हणून नवी कार्डं वाढवू नका. पहिल्या कप्प्यात 40 पेक्षा जास्त कार्डं साचली की नवी टाकणं बंद, ती 20 वर येईपर्यंत.

पण याच हिशोबात दुसरी गोष्टही दिसते. नवी कार्डं तेवढीच ठेवून बरोबर उत्तरं दहापैकी सहावरून आठवर नेली, तरी काम एक तृतीयांश होतं. आणि ते नेता येतं, कारण बरीचशी कार्डं लिहितानाच बिघडलेली असतात.

एका कार्डावर तीन प्रश्न

एक नेहमीचं कार्ड घ्या. पुढे लिहिलंय, ‘मराठवाड्यात नवे जिल्हे कधी झाले?’ मागे: जालना 1 मे 1981, लातूर 16 ऑगस्ट 1982, हिंगोली 1 मे 1999. तुम्हाला जालना आणि लातूर आठवलं, हिंगोली गेलं. कार्ड पहिल्या कप्प्यात परत. पुढच्या वेळी हिंगोली आठवतं, लातूरचं वर्ष चुकतं. मग एक दिवस ‘दोन तर आली की’ म्हणून कार्ड पुढे ढकललं जातं आणि न येणारी तारीख मागच्या कप्प्यात दडून बसते.

हे कार्ड फाडा आणि त्याची वेगवेगळी कार्डं करा. ‘जालना जिल्हा कोणत्या वर्षी झाला?’ ‘लातूर जिल्हा कोणत्या वर्षी?’ ‘हिंगोली कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला?’ (परभणी.) वर्ष आणि तारीख एकाच कार्डावर मागू नका. एवढं केलं तरी जालना आणि हिंगोली एकमेकांत मिसळतील, कारण दोन्हींची तारीख 1 मे आहे. मिसळणाऱ्या गोष्टींसाठी त्यांना शेजारी उभं करणारं वेगळं कार्ड लागतं: ‘मराठवाड्यातले कोणते दोन जिल्हे 1 मे रोजी झाले, आणि आधी कोणता?’ अजिंठ्याची वाघूर आणि वेरूळची येळगंगा या नद्यांचंही तसंच. दोन कार्डं सतत चुकत असतील तर तिसरं कार्ड त्या दोहोंतला फरक विचारणारं करा.

अशी कार्डं ओळखायची खूण सोपी आहे. कार्ड चुकलं की कोपऱ्यात पेन्सिलीने एक रेघ मारा. चौथी रेघ पडली की ते कार्ड पाठ करणं थांबवा आणि नव्याने लिहा.

कागदाचं थोडक्यात: वहीच्या पानाची कार्डं नकोत, मागची शाई पुढे दिसते आणि उत्तर नकळत वाचलं जातं. ए-फोर कार्डशीटचे आठ तुकडे किंवा जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालते.

उघडण्याचा क्रम

कप्पा 2 दर 2 दिवसांनी, 3 दर 4, 4 दर 8 आणि 5 दर 16 दिवसांनी, असं ठरवून सगळे एकाच दिवशी सुरू केले की सोळाव्या दिवशी पाचही कप्पे एकदम उघडतात. त्याऐवजी झाकणावर 1 ते 16 आकडे लिहा. विषम आकड्यांना कप्पा 2; 2, 6, 10, 14 ला कप्पा 3; 4 आणि 12 ला कप्पा 4; 8 ला कप्पा 5. सोळाव्या दिवशी फक्त पहिला. म्हणजे रोज पहिला आणि त्याच्यासोबत फार तर एकच. आकडे कॅलेंडरच्या तारखांवरून घेऊ नका, 31 आणि 1 लागोपाठ विषम येतात. या तक्त्यात कार्ड चौथ्या कप्प्यात गेल्यावर तो कधी 2 दिवसांनी उघडतो, कधी 6. अंतर ठरल्यापेक्षा कमी पडतं, पण दोन-तीन महिन्यांवर परीक्षा असेल तर हे चालून जातं.

आधी त्या दिवशीचा पुढचा कप्पा घ्या, मग पहिला. उलट केलं तर पहिल्यातून दुसऱ्यात गेलेलं कार्ड त्याच बैठकीत पुन्हा समोर येतं आणि पाच मिनिटांत तिसऱ्यात पोचतं. चुकलेली कार्डंही लगेच पहिल्यात टाकू नका. टेबलावर उलटी ठेवा, एकदा वाचा आणि बैठक संपल्यावर आत ठेवा. नाहीतर आत्ताच वाचलेलं उत्तर ‘आलं’ म्हणून मोजलं जातं.

कार्ड उलटण्याआधी उत्तर बाहेर पडलं पाहिजे. अभ्यासिकेत बोलता येत नाही, तर रद्दी कागदावर लिहा. उत्तर पाहून ‘हो, हेच डोक्यात होतं’ म्हणणं म्हणजे चूकच धरा.

आणि गावाकडे लग्नाला चार दिवस गेलात, तर परतल्यावर चार आकडे ओलांडू नका. जिथे थांबलात त्याच आकड्यापासून सुरू करा. जास्त कार्डं चुकतील, म्हणून पहिला कप्पा 20 वर येईपर्यंत एकही नवं कार्ड नको.