ऑटो-डेबिट बंद करताय? या चुका टाळा

"बँकेत सांगून आलो होतो, तरी पैसे कापले!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: सांगून आलात की लिहून देऊन आलात? आणि लिहून दिलं असेल, तर पोच कुठे आहे?

यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतः केली आहे. दरमहा 5 तारखेला 1,180 रुपये जाणारी एक वर्गणी मला थांबवायची होती. मी 27 तारखेला शाखेत अर्ज दिला, 'माझ्या खात्यावरील स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद करावी'. काउंटरवरच्या माणसाने माझ्या प्रतीवर गोल शिक्का मारला आणि मी खुशीत घरी आलो. 5 तारखेला पैसे गेलेच. तक्रार केली तर उत्तर आलं की खात्यावर एकही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन नाही, शिवाय अर्ज 6 तारखेला मिळाला. शिक्का पाहिला, तर त्यावर तारीखच नव्हती!

पहिल्या मुद्द्यावर बँक खरं बोलत होती. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे एसआय, ही आपण आपल्या बँकेला दिलेली सूचना असते. माझे पैसे जात होते ते नाच मॅन्डेटवरून, म्हणजे बँकांमधल्या NACH या वसुली यंत्रणेसाठी दिलेल्या लेखी परवानगीवरून. त्यात आपण कंपनीला अधिकार देतो, ती तिच्या बँकेमार्फत मागणी पाठवते आणि आपली बँक पैसे देते. स्टेटमेंटमधल्या नोंदीत ACH किंवा NACH दिसलं, तर प्रकार हाच. अशा प्रत्येक मॅन्डेटला UMRN हा 20 अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. तो नेट बँकिंगच्या मॅन्डेट यादीत मिळतो, नाहीतर शाखेतून मागून घ्यावा. कार्डावरचा ई-मॅन्डेट आणि यूपीआय ऑटोपे यांची गोष्ट आणखी वेगळी. ते अनुक्रमे कार्ड देणाऱ्या बँकेकडे आणि यूपीआय ॲपमध्ये रद्द होतात.

तेव्हापासून माझ्या अर्जात हे एक वाक्य असतंच: 'खाते क्रमांक अमुक, UMRN तमुक, लाभार्थी कंपनी अमुक, हा मॅन्डेट कायमचा रद्द करावा व यापुढे यावरून कोणतीही रक्कम वळती करू नये.' 'कायमचा' हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण फक्त 'थांबवा' लिहिलं की कुणीतरी एकच हप्ता थांबवतं.

शिक्क्याबद्दल मी आता चिवट झालोय. अर्जाच्या दोन प्रती नेतो. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि कर्मचारी क्रमांक मिळाल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. शिक्क्यात तारीख नसेल, तर हाताने लिहून त्याखाली सही मागतो. मागे रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

"कंपनीकडे जा, आमच्याकडे होत नाही" असं शाखेत सांगितलं तर? कागदी नाच फॉर्म भरला असेल तर त्यावरचं घोषणापत्र वाचा. मॅन्डेट रद्द करण्याची विनंती कंपनीला किंवा आपल्या बँकेला करता येते, असं आपण सही केलेल्या कागदावरच छापलेलं असतं. त्या ओळीची झेरॉक्स मी अर्जाला जोडतो. वाद तिथेच संपतो.

पण फक्त बँकेला कळवून थांबू नका. बँकेने पैसे अडवले तरी कंपनीच्या खात्यात तुमची बाकी चढत राहते, कारण करार चालूच असतो. तिला वेगळं पत्र हवं, त्यात सेवा कोणत्या तारखेपासून बंद हे लिहा आणि सोबत बँकेच्या पोचेची प्रत जोडा. पोस्टाने पाठवत असाल तर पोहोच मिळेल अशा नोंदणीसह पाठवा. पोस्टाची पोहोच पाकीट पोहोचल्याचं सांगते, आत काय होतं ते सांगत नाही, म्हणून मी पाकिटावरच 'मॅन्डेट रद्द करण्याची सूचना, UMRN अमुक' असं लिहितो. तेच पत्र त्याच दिवशी ईमेलनेही पाठवतो आणि उत्तरात आलेला तक्रार क्रमांक जपून ठेवतो. फोनवर मिळालेलं आश्वासन मी धरतच नाही.

खातं रिकामं ठेवायची युक्ती सांगणाऱ्यांना तर दुरूनच नमस्कार. मॅन्डेट जिवंतच राहतो, पैशांअभावी मागणी परत गेली की दरवेळी दंड बसतो, आणि कर्जाचा हप्ता असेल तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 चं कलम 25 लागू शकतं. ते चेक बाउन्ससारखंच फौजदारी प्रकरण आहे. मॅन्डेट रद्द केल्याने कर्जही फिटत नाही.

आदल्या दिवशी धावत जाणं हा अधीर लोकांचा आवडता प्रकार. वसुलीची फाइल आधीच निघालेली असू शकते. मी निदान 10-12 दिवस आधी देतो.

एवढं करूनही पैसे गेले, तर त्याच आठवड्यात पोचेची प्रत जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. माझे 1,180 रुपये मात्र परत आले नाहीत. बिनतारखेचा शिक्का घेऊन मी कुठे जाणार होतो?