रीलवरून शॉट लिस्ट काढताना: सेटअपचा रकाना आधी आखा

दुसऱ्याची तयार रील बघून तशीच करायची, तर आधी तिची शॉट लिस्ट आणि स्टोरीबोर्ड उलटा काढावा लागतो. मागच्या वेळी मी कटच्या क्रमाने यादी केली आणि तीच घेऊन शूटला गेलो. एकाच जागी कॅमेरा पुन्हा पुन्हा लावत बसलो आणि ऊन निघून गेलं. म्हणून या वेळी पहिलं काम, कोरं शीट उघडल्या उघडल्या: सेटअपचा रकाना. सेटअप म्हणजे कॅमेरा एकदा जिथे आणि जसा लावला ते. बाकीचे रकाने मागाहून.

व्हिडिओ स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या, ॲपमध्ये बघत लिहू नका. फ्रेम रेट तपासा. फोनवरच्या स्क्रीन रेकॉर्डिंगचा रेट बहुतेकदा स्थिर नसतो, मग लिहिलेल्या वेळा पुढे पुढे सरकत जातात. कागद, पेन्सिल वगैरे आलंच.

कट शोधायला टर्मिनलमध्ये ffmpeg ची ही एक ओळ पुरते. जिथे चित्र एकदम बदलतं ती प्रत्येक फ्रेम एका पानावर येते:

```
ffmpeg -i reel.mp4 -vf "select='eq(n,0)+gt(scene,0.3)',scale=270:-1,tile=4x4" -frames:v 1 sheet.png
```

त्यातलं `eq(n,0)` गाळू नका, नाहीतर पहिलाच तुकडा पानावर येत नाही. १६ पेक्षा जास्त तुकडे असतील तर `tile` मोठं करा. आणि या पानावर डोळे मिटून विश्वास नको. एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळतं तो डिझॉल्व्ह त्यातून निसटतो, एकसारख्या दिसणाऱ्या दोन फ्रेममधला जंप कटही निसटतो, उलट कढईतून वाफेचा लोट उठला तरी तो कट समजला जातो. VLC मध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जाऊन खात्री करा. कंटाळवाणं आहे, पण करा.

आता समजा वडापावच्या गाडीची ३० सेकंदांची रील आहे. १४ कट, म्हणजे १५ तुकडे. १५ शॉट लिहून मोकळे झालात की फसलात. नीट बघा: गाडीचा समोरून लाँग शॉट दोनदा येतो, कढई वरून पाच वेळा, पाव कापणारे हात तीनदा, गाडीवाल्याचा मिड तीनदा, गिऱ्हाइकाचा चेहरा दोनदा. म्हणजे कॅमेरा लागला फक्त पाच जागी. १५ तुकडे, ५ सेटअप. सेटअपचा रकाना नसेल तर हे दिसतच नाही.

एकच सेटअप कसा ओळखायचा? माणसाकडे बघू नका, मागे बघा. डोक्यामागचा विजेचा खांब प्रत्येक वेळी त्याच जागी कापला जातोय का, सावली त्याच बाजूला पडते का. हातांच्या तीन तुकड्यांपैकी एक जास्त जवळचा आहे. तिथे मागच्या बरण्या हातांच्याच प्रमाणात मोठ्या झाल्या असतील आणि चित्र किंचित मऊ पडलं असेल, तर तो बहुधा एडिटमध्ये क्रॉप केलेला आहे, वेगळा सेटअप धरू नका. पुढचं आणि मागचं वेगवेगळ्या प्रमाणात बदललं असेल तर कॅमेरा खरंच जवळ गेलाय. लेन्सचा नेमका आकडा चित्रावरून सांगता येत नाही, 'वाइड' किंवा 'लाँग' एवढंच लिहा.

मग शॉट लिस्ट सेटअपच्या क्रमाने लावा, कटच्या नाही. सेटअपपुढे फक्त 'कढई, टॉप' लिहून भागत नाही. रीलमधल्या पाच तुकड्यांत मिळून काय काय घडतं ते लिहा: वडे तेलात सोडण्यापासून झाऱ्याने काढेपर्यंत सलग. ते एका दमात शूट होतं आणि तुकडे नंतर पडतात. तुकड्यांची लांबी म्हणजे शूटची लांबी नव्हे, दोन्ही टोकांना काही सेकंद जास्त धरा.

स्टोरीबोर्ड मात्र कटच्याच क्रमाने. चौकटी ९:१६ च्या, छापील आडव्या नकोत. फ्रेम छापून त्यावर ट्रेस करा, चित्रकला दाखवायची नाहीये. कॅमेरा हलत असेल तर पहिली आणि शेवटची अशा दोन चौकटी. कॅमेऱ्याचा बाण चौकटीबाहेर, माणसाचा आत. आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात सेटअपचा नंबर. हो, इथेही. दोन्ही कागदांना जोडणारं तेवढंच आहे.

आवाजासाठी एकदा डोळे मिटून ऐका, तळणीचा आवाज कढई दिसायच्या आधीच सुरू होत असेल तर तशी खूण करा. स्क्रीनवरची अक्षरं, त्यांची जागा. स्पीड बदललाय का. झालं. प्रिंट काढण्यापूर्वी सेटअपचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलाय ना, तेवढं बघा.