बेंच प्रेस ४५ किलोवर अडकलाय? वजन वाढवताना या चुका टाळा

नवशिक्यांचा लिनिअर प्रोग्राम कागदावर चार ओळींत मावतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम. तिन्ही दिवस स्क्वॉट आणि बेंच प्रेस, प्रत्येकी पाच रेपचे तीन सेट. सोमवारी आणि शुक्रवारी शेवटी डेडलिफ्टचा पाच रेपचा एकच जड सेट. सगळे रेप नीट निघाले की पुढच्या वेळी स्क्वॉट आणि बेंचला अडीच किलो वाढवायचे, डेडलिफ्टला सुरुवातीला पाच.

यात सगळ्यात आधी अडकतो तो बेंच, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा छातीत नसून प्लेटच्या रॅकवर असतं. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. ती दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. ८० किलोच्या स्क्वॉटला पाच किलो म्हणजे सव्वासहा टक्के, पण ४० किलोच्या बेंचला तेच पाच किलो साडेबारा टक्के होतात. खांदे आणि ट्रायसेप्स दोन दिवसांत एवढी मजल मारत नाहीत.

आमच्या जिममधल्या एका मुलाची डायरी पाहा. वजन ६४ किलो, कॉलेजात शिकतो. बेंचवर ३०, ३५, ४० सगळं पूर्ण झालं. ४५ वर रेप निघाले ५, ४, ३. त्याला कुणीतरी सांगितलं, छाती कमी पडतेय, फ्लाय आणि इन्क्लाइन जोड. त्याने जोडले. पुढच्या खेपेला निघाले ४, ३, ३. आधीच थकलेल्या स्नायूंवर आणखी काम टाकल्यावर दुसरं काही होणारच नव्हतं. वजन थांबलं की व्यायाम वाढवायचे, ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त खटकते, कारण पोरं मेहनत दुप्पट करतात आणि मागे जातात.

खरं उत्तर त्या आकड्यांतच होतं. पहिला सेट पूर्ण आणि पुढचे ढासळत जातात, तेव्हा आधी विश्रांतीवर संशय घ्यायचा. हा मुलगा दोन सेटच्या मध्ये जेमतेम दीड मिनिट थांबत होता. फ्लाय बंद केले, घड्याळ लावून चार मिनिटं थांबायला सांगितलं. ४५ वर निघाले ५, ५, ४. म्हणजे अर्धा दोष विश्रांतीचा होता, उरलेला उडीचा. (पहिल्याच सेटला तीनवर बार अडकत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वजनच जास्त आहे, किंवा झोप आणि जेवण कमी पडतंय.)

मग साधारण दहा टक्के उतरून तो ४० वर आला आणि दर खेपेला एकच किलो वाढवत गेला. सोमवारी ४०, बुधवारी ४१, शुक्रवारी ४२. पुढच्या आठवड्यात ४३, ४४, आणि शुक्रवारी ४५ किलोवर ५, ५, ५. अर्ध्या किलोच्या प्लेट जिममध्ये नव्हत्या, म्हणून पायाला बांधायची अर्ध्या किलोची वजनं त्याने दर खेपेला बाजूला एकेक वाढवत बारच्या दोन्ही टोकांना प्लेटला लागून गुंडाळली आणि बाहेरून क्लिप लावली. घरगुती सेटच्या सव्वा किलोच्या प्लेट आणणार असाल तर भोक मोजून घ्या. ऑलिम्पिक बारचं टोक ५० मिलिमीटरचं असतं, घरगुती प्लेटचं भोक बरंच लहान. आणि जिममधला बार एकदा काट्यावर ठेवा. सगळेच बार २० किलोचे नसतात. आज एक, परवा दुसरा बार घेतलात तर डायरीतला किलोभराचा फरक निरर्थक होतो.

एकटे बेंच मारत असाल तर सेफ्टी पिन लावलेल्या रॅकमध्येच मारा. जड सेट स्पॉटरशिवाय नको. स्पॉटरलाही बजावून ठेवा, बार थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याने बोटं लावून काढलेला पाचवा रेप डायरीत चार म्हणूनच लिहायचा.

स्क्वॉटमध्ये फसवणूक वेगळी असते. वजन चढतं, पण खोली कमी होत जाते. शेवटच्या सेटचा बाजूने व्हिडिओ काढा. मांडी आणि कंबर जुळते तिथली घडी गुडघ्याच्या वरच्या कडेच्या खाली गेली नाही, तर तो रेप धरू नका आणि वजनही वाढवू नका.

डेडलिफ्टला एक सेट कमी वाटतो म्हणून तीन करू नका. सोमवारचा थकवा बुधवारच्या स्क्वॉटवर निघतो. पाठ गोल व्हायला लागली की सेट तिथेच थांबवा. पाच किलो जड जायला लागले की अडीचवर या, आणि तेही अवघड झालं की शुक्रवारची डेडलिफ्ट काढून टाका.

झोप, जेवण आणि विश्रांती जागेवर असूनही दोनदा दहा टक्के उतरून त्याच आकड्यावर पुन्हा अडकलात, तर त्या एका लिफ्टपुरतं दर खेपेला वाढवणं थांबवा आणि आठवड्यातून एकदाच वाढवा. बाकीच्या दोन लिफ्ट जशा चालल्यात तशा चालू द्या.